काट्यावर उतरलेले साडेचार किलो

पावसाळा सरत आला की महाविद्यालयांच्या जिमखान्यांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या निवड चाचण्यांची गडबड सुरू होते. नोटीस बोर्डावर तारीख लागते आणि त्याच आठवड्यात काही मुलं मेसमध्ये जेवायची बंद होतात. कोणी फक्त काकडी आणि कोरा चहा घेतो, तर कोणी मीठ सोडतो. पहाटे मैदानावर कोणीतरी टी-शर्टवर रेनकोट आणि त्यावर स्वेटर चढवून धावताना दिसतो. कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, तायक्वांदो, भारोत्तोलन हे वजनगटांचे खेळ खेळणारी ही मुलं असतात, आणि कबड्डीच्या कुमार गटातलीही, कारण तिथे वजनाची मर्यादा असते. सगळ्यांचा हिशेब एकच. आठवडाभर उपाशी राहिलं की खालच्या गटात उतरता येईल, आणि तिथे समोरचा हलका मिळेल.

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या मॅडम दरवर्षी चाचण्यांच्या आधी या मुलामुलींना तालमीतच बसवून थोडा वेळ बोलतात. त्यांचं हे बोलणं मी ऐकलं. त्यात उपदेश जवळजवळ नव्हता, बहुतेक सगळा हिशेब होता. तो पालकांना आणि गावाकडच्या वस्तादांनाही कळावा असं वाटलं, म्हणून इथे मांडते आहे.

मॅडमनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, ६५.५ आणि ६१. "समजा, तुमच्यातला एक मुलगा आहे. वजन साडेपासष्ट किलो. फ्रीस्टाइलमध्ये ६५ चा गट आहे आणि त्याखाली ६१ चा. ६५ मध्ये गेल्या वर्षीचा विजेता आहे, म्हणून याला ६१ मध्ये उतरायचंय. आज सोमवार आहे आणि रविवारी सकाळी वजन होणार. साडेचार किलो उतरवायचे. हे साडेचार किलो येणार कुठून, सांगा."

मुलांनी एका आवाजात उत्तर दिलं, "चरबीतून."

मॅडमनी लगेच गणित मांडलं. रोज कसून सराव करणाऱ्या या वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण २८०० किलोकॅलरी लागतात. रोजच्या बोलण्यात आपण त्यांना नुसत्या कॅलरी म्हणतो. तो एक भाकरी, वाटीभर मोड आलेले मूग आणि काकडीवर राहिला, तर पोटात जेमतेम ७०० जातात. दिवसाची तूट २१०० आणि सहा दिवसांची १२,६००. शरीरातली एक किलो चरबी जळायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे ही सगळी तूट चरबीनेच भरून काढली असं मानलं, तरी सहा दिवसांत दीड किलोच्या जरा वर चरबी जाईल. प्रत्यक्षात तेवढीही जात नाही. उपाशी शरीर हालचाल आपोआप कमी करतं, सराव मंदावतो, आणि तुटीचा काही भाग इतर साठ्यांतून भागतो. हाताशी येते सव्वा किलोच्या आसपास, आणि त्यातही थोडा स्नायू असतो. अन्नाला स्पर्शही न करता कोणी आठवड्यात साडेचार किलो चरबी घालवू शकत नाही, हे एवढ्या आकडेमोडीतून स्पष्ट होतं.

पण रविवारी काटा खरोखरच ६१ दाखवतो. मग उरलेले सव्वातीन किलो कसले?

त्यातला अर्धा किलो आतड्यांतल्या अन्नाचा आणि मळाचा. खाणं थांबलं की पोट रिकामं होतं, तेवढं वजन कमी भरतं. या अर्ध्या किलोने ताकद फारशी घटत नाही. खरं नुकसान पुढच्या दोन वाट्यांत आहे.

आपण भात, भाकरी, पोळी, केळी खातो तेव्हा त्यातल्या पिष्टाची साखर होते. लगेच लागत नाही ती साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं. सराव करणाऱ्या तरुणाच्या अंगात असा ४०० ते ५०० ग्रॅमचा साठा असतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठलेलं असतं. जेवण तोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत आधी संपतो तो हा साठा, आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. साडेतीनशे ग्रॅम ग्लायकोजेन आणि लिटरभर पाणी मिळून झाले जवळपास एक किलो चारशे ग्रॅम. उपासाच्या तिसऱ्या दिवशी मुलं खूश होऊन काट्यावरून उतरतात, ते या वजनामुळे. त्यांना वाटतं चरबी वितळली.

राहिला शेवटचा वाटा, तोही एक किलो चारशेच्या घरातला. हा निव्वळ घाम. शनिवारी दुपारपासून पाणी बंद, संध्याकाळी रेनकोट घालून धावणं, रात्री पुन्हा दोरीच्या उड्या, सकाळी डब्यात थुंकत बसणं. साडेचार किलोंचा हिशेब इथे जुळतो. चरबी फार तर चौथा हिस्सा आणि बाकीचं पाणी, इंधन आणि रिकामं पोट.

माझ्या मते मॅडमच्या बोलण्याचा गाभा यानंतर आला. जे गेलं तेच चाचणीत लागणार होतं.

फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती मिळते. या सहा मिनिटांत खेचाखेच, उचलाउचल, पट काढणं, पुलावर तग धरणं अशी सगळी झटक्याची कामं असतात. अशा कामाला लागणारी ऊर्जा स्नायू सेकंदांत तयार करतात आणि त्यासाठी त्यांना ग्लायकोजेनच लागतं. चरबीतून ऊर्जा निघते, पण सावकाश. लांब पल्ल्याच्या चालण्याला ती पुरते, समोरच्याचा पट उपसायला पुरत नाही. म्हणून या मुलाच्या अंगात चरबी शिल्लक असूनही त्याचे हातपाय दुसऱ्या फेरीत जड होतात.

पाण्याचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. घाम रक्तातल्या पाण्यातून येतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं की रक्ताचं आकारमान कमी होतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. ६२ किलोच्या मुलात दोन टक्के म्हणजे सव्वा किलो, आणि आपल्या मुलाने त्याहून जास्त घाम काढला आहे. त्यात घाम येणं मंदावल्यामुळे अंगातली उष्णताही नीट बाहेर पडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चाचणी असेल तर हे आणखी वाईट.

शिवाय मेंदू आहेच. तो जवळजवळ सर्वस्वी साखरेवर चालतो आणि रात्रभर त्याला ती यकृतातल्या साठ्यातून मिळते. तो साठा रिकामा असला की समोरच्याचा हात कुठे आहे हे दिसतं, पण प्रतिसाद एका क्षणाने उशिरा येतो. मॅडम म्हणाल्या, "मी मॅटच्या कडेला उभी असते तेव्हा उपाशी मुलगा मला पहिल्या फेरीत ओळखू येत नाही. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या मिनिटात येतो. तो डाव लावायचं थांबवतो आणि नुसता धरून उभा राहतो. पहिल्या फेरीत पट काढून चार गुण घेतलेले असतात, आणि दुसरीत त्याला रेषेबाहेर ढकललं जातं, खाली पाडलं जातं. बाहेर येऊन म्हणतो, मॅडम, दम संपला. दम नाही रे संपला, इंधन संपलं."

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "पण मॅडम, वजन झालं की खातोच की आम्ही. कुस्तीच्या आधी भरून निघतं."

बहुतेक मुलांचा सगळा भरवसा या एका समजुतीवर असतो, म्हणून मॅडमनी तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला. चाचणीला सकाळी वजन होतं आणि साधारण दोन-अडीच तासांत पहिली कुस्ती लागते. रिकामे झालेले स्नायू, नीट पिष्टमय खाणं दिलं तरी, ताशी साधारण पाच टक्के या वेगाने ग्लायकोजेन भरून घेतात. म्हणजे पूर्ण भरायला जवळजवळ अख्खा दिवस. अडीच तासांत भरतं ते दहा-बारा टक्के. पाण्याचंही तसंच. अंगातून दीड लिटर गेलं असेल तर दीड लिटर पिऊन भागत नाही, कारण प्यायलेल्यातलं बरंच लघवीवाटे निघून जातं. दोन लिटरच्या आसपास प्यावं लागतं, तेही मीठ-साखर घालून, हळूहळू, काही तासांत. मुलं काय करतात, तर काट्यावरून उतरल्या उतरल्या लिटरभर थंड पाणी घटाघट पितात, चार केळी, ग्लुकोज आणि गाड्यावरचे दोन वडापाव खातात. सहा दिवस आकसलेलं पोट ते सगळं धरून बसतं. मॅटवर उतरताना पोट तट्ट फुगलेलं असतं आणि स्नायू रिकामेच.

एका मुलीने पॅरिसचा विषय काढला. तो निघणारच होता. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने रात्रभरात, सुमारे दहा तासांत, ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. मग हे जमतं की!

मॅडमनी त्या गोष्टीतला एक तपशील दाखवला, जो बातम्या वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अमनचं वजन सकाळी झालं आणि पदकाची कुस्ती संध्याकाळी. मधला जवळजवळ अख्खा दिवस त्याला भरून घ्यायला मिळाला. शिवाय ते ४.६ किलो आदल्या दिवशीच्या कुस्त्यांच्या वेळी खाण्यापिण्यातून चढलेलं वजन होतं, आणि रात्रभर प्रशिक्षक त्याच्याबरोबर होते. आपल्या चाचणीत यातलं काहीच नसतं.

त्याच ऑलिंपिकमधली दुसरी बाजू विनेश फोगाटची. ती आधी ५३ किलोत खेळत असे, पॅरिसमध्ये ५० च्या गटात उतरली. ६ ऑगस्टला वजन बरोबर भरलं, तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. त्या दिवशी ताकद टिकवायला खाणंपिणं भागच होतं. संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त होतं, असं भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितलं. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. ७ ऑगस्टच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. जगातल्या सर्वोत्तम तयारीच्या खेळाडूला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शेवटचे १०० ग्रॅम काढता आले नाहीत. याचं कारण शरीरातच आहे. पाणी जितकं घटतं तितकं शरीर उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवतं. पहिला किलो घाम तासाभरात निघतो, पण शेवटचे काही ग्रॅम रात्रभर झगडूनही निघत नाहीत.

तो झगडा जिवावरही बेततो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, साधारण महिनाभराच्या अंतरात, अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले. गरम खोली, रबरी सूट, पाणी बंद आणि व्यायाम चालू, अशी त्यांची पद्धत होती. आपल्याकडच्या रेनकोटची हीच मोठी आवृत्ती. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम बदलले. रबरी सूट आणि घाम काढण्याच्या गरम खोल्यांवर बंदी आली, वजन कुस्तीच्या अगदी जवळच्या वेळेला घ्यायला सुरुवात झाली, म्हणजे उतरवून पुन्हा भरण्यात फायदाच राहणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मल्लाच्या लघवीची तपासणी करून अंगात पुरेसं पाणी आहे ना हे बघायचं, चरबीचं प्रमाण मोजायचं आणि त्यावरून त्याचं किमान वजन ठरवून टाकायचं, अशी पद्धत आली. त्या वजनाखाली त्याला हंगामभर उतरता येत नाही. आपल्या विद्यापीठांनी निदान रेनकोट घालून धावण्याला मनाई करावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसा लागत नाही.

गोळ्यांबद्दल मॅडम थोडंच बोलल्या, पण आवाज चढवून. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या हे रक्तदाबाचं औषध आहे आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहे, स्पर्धा असो वा नसो. तपासणीत ते सापडलं तर खेळणंच बंद होतं. त्याने आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि पोटॅशियम घटलं तर पायात गोळे येण्यापासून हृदयाची लय बिघडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

ज्यांच्या खेळात वजनगटच नाही, त्या मुलीही मॅडमसमोर बसल्या होत्या. हलकं असलं की वेग वाढतो, या समजुतीने धावणाऱ्या मुली चाचणीच्या आधी महिना-महिना जेवण निम्मं करतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वेळ थोडी सुधारतेही, आणि हीच सुधारणा घात करते, कारण त्यामुळे उपास बरोबर आहे असं वाटतं. पुढे शरीर खर्च कमी करायला लागतं आणि सर्वांत आधी जी कामं थांबवतं त्यात पाळी येते. पाळी लांबली किंवा बंद झाली की हाडांना बळ देणारं संप्रेरकही घटलेलं असतं. मग नडगी दुखू लागते. ती बोटाने एका ठरावीक जागी दाबल्यावर जास्त दुखली, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि ती भरायला आठवडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या बिघाडाला एक नाव दिलं आणि तो मुलांमध्येही होतो हे स्पष्ट केलं. मॅडम मुलींना म्हणाल्या, "पाळी चुकली तर लाजू नका, मला सांगा. ती थकव्याची पहिली पावती आहे. सरावाने पाळी थांबते, त्यात काय, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका."

घरच्यांनाही काही खुणा दिसू शकतात. सकाळची लघवी गडद पिवळी होणं, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, झोपेतून उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली असणं, चिडचिड, रात्री झोप न लागणं. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघितलं की घाम किती गेला तेही कळतं. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी, आणि ते दुसऱ्या दिवशीच्या सरावापर्यंत भरून आलं पाहिजे.

मग त्या साडेपासष्ट किलोच्या मुलाने करायचं काय? त्याला ६१ मध्येच खेळायचं असेल तर मॅडमचं उत्तर नऊ आठवड्यांचं आहे. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. त्यासाठी दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमी केल्या की पुरे. मेसच्या ताटात ते अवघड नसतं. दोन वेळचा गोड चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं, तळण, भाताची दुसरी वाढ, भाजीवरचा तेलाचा तवंग एवढं सोडलं तरी भागतं. डाळ, उसळ, दूध, अंडी कमी करायची नाहीत, उलट थोडी वाढवायची. किलोमागे रोज दीड-दोन ग्रॅम प्रथिनं मिळाली तर स्नायू टिकतो. भाकरी आणि भात सरावाच्या आधी-नंतर खायचे, म्हणजे ग्लायकोजेन भरलेलं राहतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत चोथ्याचे पदार्थ, पालेभाज्या आणि कोंड्याचं पीठ कमी केलं की पोट हलकं होऊन अर्धा किलो विनात्रास कमी भरतो. पाणी मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत चालू.

मुलगा अजून वाढीच्या वयात असेल आणि अंगावर चरबी मुळातच नसेल, तर नऊ आठवडेही चुकीचेच. त्याने वरच्या गटासाठी ताकद कमवावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते ५७ किलोच्या गटात खेळले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा तालमीतली कुजबुज थांबली. भिंतीवरच्या तसबिरीतले खाशाबा सगळ्यांना माहीत होते, पण त्यांचा गट चढला होता हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

पालकांना आणि वस्तादांना माझी एक विनंती आहे. चाचण्यांच्या तारखांची वाट न पाहता जून-जुलैमध्ये, महाविद्यालय सुरू होतानाच, मुलांचं सकाळचं वजन करा आणि गट तेव्हाच ठरवा. आणि चाचणीला आठवडाच उरला असेल, काटा चार किलो जास्त दाखवत असेल, तर मुलाला पोटभर जेवू घाला आणि त्याचं नाव वरच्या गटात द्या.